फॉरवर्डिंग लावलं तरी एक स्टॉल उरतोच

सत्र संपत आलं की पाइपलाइन आणि कॅशबद्दल तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून या वेळी एकत्र घेतो. सगळीकडे पाच टप्प्यांची मिप्स पाइपलाइन धरली आहे: फेच, डीकोड, एक्झिक्यूट, मेमरी, राइट-बॅक.

पाइपलाइनमुळे प्रत्येक इन्स्ट्रक्शन लवकर पूर्ण होते ना?

नाही. एकेका इन्स्ट्रक्शनला उलट थोडा जास्तच वेळ लागतो. वाढते ती ठराविक वेळात पुऱ्या होणाऱ्या इन्स्ट्रक्शन्सची संख्या.

क्लासमध्ये सांगितलं, फॉरवर्डिंग असेल तर डेटा हॅझर्डचे स्टॉल शून्य धरायचे. धरू का?

धरू नका. या एका वाक्यावर दरवर्षी किती मार्क जातात, देव जाणे. हे बघा:

```
lw  $t0, 0($s1)
add $t2, $t0, $t3
sub $t5, $t6, $t7
```

`lw` ला मेमरीतली किंमत मिळते चौथ्या सायकलच्या शेवटी. `add` चा एक्झिक्यूट टप्पा मात्र त्याच चौथ्या सायकलच्या सुरुवातीला येतो. जी किंमत अजून हातातच आली नाही ती पुढे काय पाठवणार? म्हणून एक स्टॉल पडतोच आणि तीन इन्स्ट्रक्शन्सना ७ ऐवजी ८ सायकल लागतात. `lw` च्या जागी `add` असती, तर उत्तर तिसऱ्या सायकलच्या शेवटी तयार झालं असतं आणि फॉरवर्डिंगने काम भागलं असतं.

उपाय कंपायलरकडे आहे. `sub` चा या दोघींशी काही संबंध नाही, ती मध्ये आणली की स्टॉल जातो. फॉरवर्डिंग मुळीच नसेल तर दोन स्टॉल पडतात, पण रजिस्टरमध्ये लिहिणं आणि वाचणं एकाच सायकलमध्ये होत असेल तरच, नाहीतर तीन. गणितात ते दिलेलं नसेल तर व्हॉट्सॲपवरच्या 'शॉर्टकट' पीडीएफवर जाऊ नका, शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना विचारा.

लोड २५ टक्के, त्यातल्या ४० टक्क्यांना लगेच वापर. ब्रँच २० टक्के, पाव चुकतात, दंड २ सायकल. सीपीआय १.२, म्हणून वेग ५ ÷ १.२ = ४.१७ पट. झालं ना?

हॅझर्डपुरतं झालं: लोडचे ०.१, ब्रँचचे ०.१. पण हे उत्तर मेमरी कधीच चुकत नाही असं मानून आलं आहे, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. मुलं स्टॉलच्या आकृत्या रंगीत पेनांनी काढतात आणि कॅश हा पुढच्या युनिटचा विषय म्हणून सोडून देतात.

आता तुमच्याच गणितात १० टक्के स्टोअर घाला, म्हणजे डेटासाठी मेमरीकडे जाणाऱ्या इन्स्ट्रक्शन्स ३५ टक्के. इन्स्ट्रक्शन कॅशचा मिस रेट २ टक्के, डेटा कॅशचा ४ टक्के आणि मिसचा दंड ५० सायकल धरू. फेच प्रत्येक इन्स्ट्रक्शनला करावाच लागतो, म्हणून ०.०२ × ५० = १. निम्मे विद्यार्थी हा भाग विसरतात. डेटाचे ०.३५ × ०.०४ × ५० = ०.७. सीपीआय १.२ वरून थेट २.९ वर गेला.

वेग काढताना ५ ला २.९ ने भागू नका. पाइपलाइन नसलेल्या प्रोसेसरलाही तेच मिस सोसावे लागतात, म्हणून ६.७ ÷ २.९, म्हणजे २.३१ पट. हॅझर्ड सगळे घालवले तरी वाचतात ०.२ सायकल, इन्स्ट्रक्शन मिस रेट २ वरून १ टक्क्यावर आणला तर ०.५ वाचतात. आधी कुठे हात घालायचा ते यावरून ठरवा. मिस झाल्यावर प्रोसेसर नुसता थांबून राहतो असं इथे धरलं आहे; आऊट-ऑफ-ऑर्डर प्रोसेसर मधल्या वेळात दुसरं काम उरकतो. त्याचा हिशेब असा सरळ लागत नाही, तिथे मार्गदर्शकांशी बोला.

परवा पेपर आहे. हिट १ सायकल, मिस ४ टक्के, मेमरी ५०. सरासरी वेळ एका पुस्तकात ३, दुसऱ्यात २.९६. कोणतं खरं?

दोन्ही. आधी कॅश बघून मग मेमरीकडे गेलात तर १ + ०.०४ × ५० = ३; दोन्हीकडे एकदमच विचारलं तर ०.९६ × १ + ०.०४ × ५० = २.९६. प्रश्नात काय म्हटलं आहे ते वाचा आणि गृहीतक उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहा. हे महिनाभर आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

दुकानदार म्हणतो, ८ एमबीऐवजी १६ एमबी कॅशचा लॅपटॉप घेतला तर वेग दुप्पट. घेऊ का?

दुप्पट हा विक्रीचा आकडा आहे. हे एमबी सहसा शेवटच्या पातळीच्या कॅशचे असतात. तुमच्या प्रोग्रॅमचा सततच्या वापरातला डेटा ८ एमबीत मावत असेल तर फरक जवळपास जाणवणार नाही. लिनक्सवर स्वतःचा प्रोग्रॅम मोजून बघा:

```
perf stat -e cache-references,cache-misses ./program
```

आलेले आकडे कॉलेजच्या लॅबमधल्या जाणकाराला दाखवा, मग पैसे काढा.