यादीतून नाव मिळत नाही

प्रिय,

मैत्रिणीला लाडाने काय म्हणावं यासाठी काढलेली बावीस नावांची तुझी यादी पोचली. शोना, बच्चा, पिल्लू, जान. अरे, यातलं तिचं असं एक तरी आहे का? उद्या हीच नावं दुसऱ्या कुणालाही चिकटतील. नाव घडलेल्या गोष्टीतून येतं, यादीतून नाही.

मीही बायकोला पिल्लूच म्हणायचो. एकदा कामाच्या बैठकीत माझा फोन मोठ्या पडद्याला जोडलेला होता आणि आकडेवारीच्या डोक्यावर पट्टी उमटली, 'पिल्लू: गोळी घेतलीस का?' सगळे हसले. मी तिथल्या तिथे फोन उचलून तिचं नाव आडनावासकट लिहून टाकलं. आठवड्याभराने तिने ते पाहिलं. "ओळखीची वाटतेय ही बाई," एवढंच म्हणाली. तेव्हा सूचना बंद करायच्या असतात हे मला कुठे ठाऊक होतं? बारा माणसांसमोर दुसरं कुणी काय केलं असतं? असो. डाचतं अजून.

मग नाव सापडलं ते तिच्या सवयीतून. फोनवर "ठेवते" म्हणून झालं की हिचं हमखास, "आणि हो, एक राहिलंच." म्हणून ती झाली 'ताक', म्हणजे पत्राखालचं ता. क. आता पडद्यावर तिचा 'निघालास का? ताक' असा निरोप दिसला तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही, आणि मला मात्र तिचा "आणि हो" ऐकू येतो.

तूही तेच कर. ती कोणता शब्द नेहमी चुकीचा बोलते, पहिल्या भेटीत काय फजिती झाली, कुठल्या गोष्टीवर तुम्ही दोघंच हसता, हे आठव. त्यातला एक साधा, रोजच्या वापरातला शब्द उचल. घडलेल्या गोष्टीतून, पुन्हा सांगतो. मग तो चारचौघांत मोठ्याने म्हणून बघ. जीभ अडखळली किंवा खुलासा करावासा वाटला, तर सोडून दे. रंग, उंची, वजन यांवरून तर नकोच. आज ती हसेल, पण भांडणाच्या दिवशी तेच नाव टोचेल. आणि तिला विचारल्याशिवाय पक्कं करू नकोस.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. 'गॅसवाला' असल्या नावाने नंबर लपवलास तर ज्या दिवशी कुणी बघेल त्या दिवशी प्रेम नाही, लपवाछपवी दिसेल. मुळात फोनच्या यादीत तिचं खरं नावच ठेव. गाडीत फोन जोडलेला असला की तेच नाव पडद्यावर येतं, आणि तुला कुठे काही झालं तर फोन उचलणाऱ्याला कुणाला कळवायचं ते कळायला हवं. लाडाचं नाव मजकुरात राहू दे. आणि कुलूपबंद पडद्यावर मजकूर दिसू नये अशी सोय फोनच्या सूचनांच्या सेटिंगमध्ये असते, ती आजच कर.

तुझा,
काका

ता. क. ही मागून वाचतेय. म्हणते, तुझ्या त्या मुलीने तुला काय नाव ठेवलंय ते आधी विचार.