निनादचे रविवार

"मॅडम, मुलगा 31 वर्षांचा आहे, ऐरोलीला चांगली नोकरी आहे. स्थळ आलं की दर वेळी काहीतरी खुसपट काढतो. कुणी आवडलंय का म्हणून विचारलं, तर म्हणतो, मला कुणीच आवडत नाही, मुलगीही नाही आणि मुलगाही नाही. त्याच्यात काही दोष आहे का? ट्रीटमेंट घेतली तर सुधारेल का? आणि आमच्यानंतर त्याचं कोण?"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे प्रश्न वर्षानुवर्षं येत आहेत. कधी आई विचारते, कधी वडील, कधी मोठी बहीण. म्हणून आधी सरळ उत्तर देते आणि मग निनादची हकिकत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्याची परवानगी आहे.

काही माणसांना कुणाबद्दलच लैंगिक ओढ वाटत नाही. त्यांना असेक्शुअल म्हणतात. काहींना प्रेमात पडणं, एखाद्याच्या विचाराने रात्र जागून काढणं, हा अनुभवच येत नाही. ते ॲरोमँटिक. दोन्ही एकाच माणसात असू शकतं किंवा दोहोंपैकी एकच असू शकतं. हा आजार नाही. मानसिक विकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएमच्या 2013 च्या आवृत्तीत इच्छा कमी असण्याचा विकार आहे, पण माणूस स्वतःला असेक्शुअल म्हणत असेल तर ते निदान करू नये, असंही तिथेच लिहिलं आहे. आणि अशी माणसं फार दुर्मीळही नाहीत. ब्रिटनमधल्या 18 हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीतली उत्तरं अँथनी बोगार्ट या संशोधकाने 2004 मध्ये मांडली. त्यात सुमारे 1 टक्का लोकांनी आपल्याला कधीच कुणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही, असं सांगितलं होतं.

निनाद पहिल्यांदा आईबरोबर आला. काकू बोलत होत्या आणि तो मोबाइलचं कव्हर काढत-घालत होता. पुढच्या वेळी मी त्याला एकट्यालाच बोलावलं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"कधीपासून म्हणजे? पहिल्यापासूनच. कॉलेजात सगळे विचारायचे, तुझी क्रश कोण? मग मी एक नाव ठरवून टाकलं. वर्गातली जी सगळ्यांना आवडायची, तिचंच. तीन वर्षं तेच नाव सांगितलं. तिच्याशी दोन वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो."

नाव ठरवून टाकलं, हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता ते वाक्य आलं की माझे कान टवकारतात. बाकीची मुलं ज्या गोष्टीने अस्वस्थ होतात ती आपल्यात नाही, हे या मुलांना पंधराव्या-सोळाव्या वर्षीच कळतं. मग ती इतरांकडे बघून तिचा अभिनय शिकतात.

'कधीपासून' या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वजन देते. आधी असलेली इच्छा मधेच गेली असेल तर ती गोष्ट निराळी. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन यांची गडबड, नैराश्य, नैराश्यावरच्याच काही गोळ्या, यांतल्या कशानेही ती जाऊ शकते. अशा माणसाला मी आधी डॉक्टरकडे पाठवते. निनादची काही गेलेलीच नव्हती, मुळात आलेली नव्हती. तरी घरच्या डॉक्टरांनी काकूंच्या समाधानासाठी तपासण्या केल्या होत्या आणि सगळं ठीक निघालं होतं.

त्याच तपासण्यांनी तो जास्त गोंधळला होता. एकदा मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, माझं शरीर तर नीट चालतं. म्हणजे... सगळं होतं. मग मी असेक्शुअल कसा?"

इथे पुष्कळ जण अडकतात. शरीराने प्रतिसाद देणं आणि मनाला एखाद्या व्यक्तीची ओढ वाटणं, हे दोन वेगळे व्यवहार आहेत. 2011 मध्ये कॅनडातल्या दोघी संशोधकांनी असेक्शुअल स्त्रियांच्या शरीराचा प्रतिसाद मोजला, तो इतर स्त्रियांसारखाच आला. फरक होता तो ओढीत. काही असेक्शुअल माणसं हस्तमैथुन करतात, काही करत नाहीत. काहींना शरीरसंबंधाची किळस येते, काहींना त्याचं काहीच वाटत नाही, काही जण जोडीदारासाठी ते आनंदाने करतात. निनादला हे सांगितल्यावर तो खुर्चीत पहिल्यांदा टेकून बसला.

लहानपणी काही वाईट घडलं होतं का, हेही मी विचारलं. ते विचारावंच लागतं. भीतीने मिटलेलं मन त्या विषयाजवळ आलं की आक्रसतं, श्वास बदलतो, बोलणं तुटतं. निनादला तो विषय नुसता कंटाळवाणा वाटत होता, आपल्याला न कळणाऱ्या खेळाचा स्कोअर कुणी ऐकवत बसावं तसा. अत्याचार सोसलेला माणूस असेक्शुअल नसतोच, असं मात्र नाही. दोन्ही खरं असू शकतं आणि एकावरून दुसऱ्याचं कारण काढायची घाई मी करत नाही.

पण निनादला त्रास होता. झोप उडाली होती, ॲसिडिटी वाढली होती, शनिवारी रात्री डोकं धरून बसायचा. आणि त्रास आहे म्हणजे आजार असणार, अशी त्याची स्वतःचीच खात्री झाली होती. मी ज्या विचारसरणीत घडले, तिने मला घटना आणि घटनेचा आपण लावलेला अर्थ वेगळे काढायला शिकवलं. तेच केलं.

"समज, उद्या सकाळपासून घरात, ऑफिसात, नातेवाइकांत हा विषय काढणं सगळ्यांनी बंद केलं. कायमचं. मग तुझा कोणता त्रास उरेल?"

तो बराच वेळ गप्प होता. मीही गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे मला माझ्या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य वाटतं, आणि ते मला साधलं आहे.

मग तो म्हणाला, "त्रास नाही उरणार. रविवार उरेल."

"म्हणजे?"

"रविवारी मुली बघायला जायचं असतं. माझा एकही रविवार माझा नाही. मला येऊरला जायचंय, भाचीला सायकल शिकवायचीय. मी कुणाच्या तरी दिवाणखान्यात पोहे खात, हसू चेहऱ्यावर धरून बसलेला असतो. आणि समोरच्या मुलीकडे बघून मला लाज वाटते की मी हिला फसवतोय."

ओढ नसण्याचं दुःख त्या उत्तरात कुठेच नव्हतं. दुःख होतं ते नसलेली ओढ दाखवत राहण्याचं. डीएसएममधला विकार ठरायलासुद्धा माणसाला स्वतःला त्या अभावाचा त्रास व्हावा लागतो. ओढ का नाही म्हणून झुरणारा आणि लोक सोडत नाहीत म्हणून झुरणारा वरवर सारखेच दिसतात, दोघांची झोप उडालेलीच असते. म्हणून हा एक प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते. त्यावर "तरीही मला हवंसं वाटावं असं वाटतं" असं उत्तर आलं, तर काम वेगळ्या दिशेने जातं.

पुढची पायरी म्हणजे निनादला नेमकं काय नको आहे ते शोधणं. नेरुळची एक मुलगी माझ्याकडे यायची. ती प्रेमात पडायची, पत्र लिहायची, कुणाचा तरी हात धरून म्हातारं व्हावं असं तिला मनापासून वाटायचं. फक्त शरीरसंबंध नको होता. ती असेक्शुअल होती, पण ॲरोमँटिक नव्हती. याच्या अगदी उलट माणसंही भेटतात, ज्यांना शारीरिक इच्छा असते पण प्रेमात पडणं ठाऊक नसतं. जग त्यांना उगाच निष्ठुर ठरवतं. काहींना खूप घट्ट नातं जुळल्यावरच ओढ वाटू लागते, त्यांना डेमिसेक्शुअल म्हणतात. निनादला विचारलं, "ते एक सोडून बाकी सगळा संसार चालेल?" तो लगेच म्हणाला, "नाही. मला मित्र हवेत, घर हवं, भाची हवी. नवरा व्हायचंच नाहीये." आजी गेली तेव्हा महिनाभर तिच्या खोलीत झोपलेला हा मुलगा. माया त्याच्यात भरपूर होती, तिला प्रेमप्रकरणाचा आकार नव्हता एवढंच.

मग काकूंना बोलावलं. त्यांचं म्हणणं होतं, "लग्न झालं की आपोआप होईल सगळं." असा सल्ला देणारे डॉक्टरही त्यांना भेटले होते. मी त्यांना त्या दुसऱ्या घरातल्या मुलीबद्दल बोलायला सांगितलं. ती काय समजून येईल? वर्षभराने स्वतःलाच दोष देईल ना? कोर्टाची बाजूही सांगितली. कारण नसताना दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या एका निकालात म्हटलं आहे, आणि क्रूरता हे घटस्फोटाचं कारण आहे. सगळं आधी सांगून, समोरच्या व्यक्तीला तेच हवं असताना केलेलं लग्न वेगळं. अशी लग्नं होतात आणि टिकतातही. लपवून केलेल्या लग्नाला मी कधीच दुजोरा देत नाही.

ट्रीटमेंटबद्दलही स्पष्टच बोलले. माणसाचा लैंगिक कल बदलून देतो म्हणणारे उपचार हे डॉक्टराचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये ठरवलं. पावडरी आणि शक्तिवर्धक कॅप्सूल विकणाऱ्यांच्या दारात मुलाला नेऊ नका.

"आणि उद्या याला कुणी आवडलं तर?" काकूंनी विचारलं.

"तर तो सांगेल. काही जणांचं बदलतं. पण त्या उद्याची वाट बघत आज त्याला खोटं ठरवू नका."

काकू रडल्या, पण वादाला आल्या नाहीत. त्यांचा खरा घोर 'आमच्यानंतर त्याचं कोण?' हा शेवटचा प्रश्न होता, आणि तो रास्त आहे. लग्न केलेली माणसंही एकटी पडतात, हे मला ठाऊक आहे, पण त्या उत्तराने आईचं पोट भरत नाही. म्हणून आम्ही तिघं कागद घेऊन बसलो. निनादचा स्वतःचा मेडिक्लेम आत्ताच, तब्येत धडधाकट असताना. वर्तकनगरच्या फ्लॅटसाठी सोसायटीत नॉमिनेशन, आणि त्याबरोबर काकू-काकांचं मृत्युपत्र, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे आणि नंतर भावंडांत त्यावरूनच तंटे होतात. हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आली तर पहिला फोन कुणाला, याची दोन नावं: एक बहीण आणि एक मित्र. तो मित्र त्याच संकुलात राहतो, दोघांनी एकमेकांच्या घराच्या किल्ल्या ठेवल्या आहेत.

शेवटी काकू म्हणाल्या, "जाऊबाईंना काय सांगू?"

निनादच म्हणाला, "सांग, तो लग्न करणार नाहीये. कारण विचारलं तर माझा नंबर दे."