विशेषण खुडण्याआधी सोलून बघा

प्रश्न : काकांचा सीमाप्रश्नावरचा एक जुना लेख आहे, एकदम तडाखेबंद. आमच्या वाचनालयाच्या माहितीकोशासाठी त्याची तटस्थ नोंद करून द्यायची आहे. पण भडक शब्द काढत गेलं की शेवटी हातात काही उरतच नाही. माहिती न गमावता हे कसं करायचं? (खानापूर)

उत्तर :

उरत नाही, कारण त्या भडक शब्दांच्या पोटातच माहिती असते आणि शब्दाबरोबर तीही केरात जाते. मी हा मार खाल्लेला आहे. बेळगावात एका मराठी दैनिकाच्या पुरवणीवर उपसंपादक होतो, तेव्हा सीमाप्रश्नावर मीच एक लेख लिहिला होता. पुढे एका संस्थेच्या स्मरणिकेसाठी त्याचीच नोंद करायची वेळ आली. पहिला खर्डा इतका सपक झाला होता की जुळवणाऱ्यानेच विचारलं, "साहेब, ह्यात सांगितलंय काय?"

त्या लेखातला एक परिच्छेद घेऊन दाखवतो. साधारण असा होता :

"महाजन नावाच्या एकाच माणसाच्या लहरीवर आमचं भवितव्य टांगलं गेलं. त्याने सारं काही कर्नाटकच्या पदरात टाकलं. २००५ साली जनतेच्या प्रतिनिधींनी तोंड उघडताच लोकशाहीचा गळा घोटला गेला. कुणी विचारलं होतं का बेळगावकरांना?"

आता लाल पेन घेऊन "लहरीवर", "टांगलं", "गळा घोटला" खोडलं की खरंच काही राहत नाही. म्हणून आधी खोडायचं नाही. वहीच्या डाव्या बाजूला वाक्य लिहायचं आणि उजवीकडे एकच प्रश्न : हे म्हणायला लिहिणाऱ्याला नेमकं काय घडलेलं माहीत होतं?

पहिलं वाक्य. "एकाच माणसाच्या" हा टोमणा आहे, पण त्यात एक पक्की गोष्ट आहे : आयोग एकसदस्यीय होता. मेहेरचंद महाजन हे भारताचे माजी सरन्यायाधीश. केंद्र सरकारने त्यांचा आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला, अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. एवढं उजवीकडे गेलं. "लहरीवर" उरलं, ते मत. ते टाकायची घाई नको, त्याकडे नंतर येतो.

दुसरं वाक्य सोलायला घेतलं आणि माझीच चूक सापडली. महाजनांनी "सारं काही" कर्नाटकला दिलेलं नव्हतं. बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावं असं त्यांनी सुचवलं, पण निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असंही सुचवलं होतं. उलट बाजूने दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटमधला भाग कर्नाटकला द्यावा अशीही शिफारस होती. तुम्ही खानापूरचे आहात. म्हणजे ज्या अहवालाला आपण जन्मभर शिव्या घालतो, त्यात तुमचं गाव महाराष्ट्राच्या बाजूला मांडलेलं होतं. लेखात हे नसतं, कारण ते असलं की लेखाची धार जाते. नोंदीत ते नसलं तर नोंद खोटी ठरते, प्रत्येक वाक्य सुटं तपासलं तर बरोबर असूनही. नुसतं "भाषा सौम्य" करणाऱ्यांचा इथेच घात होतो : लेखकाने काय गाळलंय हे त्याच्या शब्दांत सापडत नाही. त्यासाठी मूळ अहवालच उघडून बसावं लागतं.

तिसरं वाक्य तर नुसतं रूपक आहे. मी पहिल्या खर्ड्यात ते सरळ उडवलं आणि सगळ्यात मोठी माहिती तिथेच गेली. "तोंड उघडताच" म्हणजे बेळगाव महापालिकेने शहर महाराष्ट्रात जावं असा ठराव केला. "गळा घोटला" म्हणजे कर्नाटक सरकारने ती महापालिका बरखास्त केली. नोंदीतलं वाक्य असं झालं : "२००५ मध्ये बेळगाव महापालिकेने शहर महाराष्ट्रात समाविष्ट करण्याचा ठराव संमत केला. त्याच वर्षी कर्नाटक सरकारने महापालिका बरखास्त केली." रूपक गेलं, वजन तेवढंच राहिलं. माझ्या मते थोडं वाढलंच. फक्त "ठरावामुळे बरखास्त केली" असं लिहायचा मोह होईल. तो "मुळे" आदेशाची प्रत समोर असल्याशिवाय घालू नका. आदेशात जे कारण असेल ते आदेशाच्या नावावर द्या, विरोधकांनी सांगितलेलं कारण विरोधकांच्या नावावर.

चौथं वाक्य प्रश्नाचं. भाषणबाज प्रश्नाच्या आत बहुतेक वेळा एक नकारार्थी विधान दडलेलं असतं. इथलं विधान : बेळगावात या प्रश्नावर सार्वमत झालं नाही. हे तपासता येतं, म्हणून नोंदीत येऊ शकतं. सार्वमत व्हायला हवं होतं का, हे तपासता येत नाही. ते कुणाची तरी मागणी म्हणूनच येईल.

आता "लहरीवर"कडे. मत टाकून द्यायचं नसतं, त्याचा मालक शोधायचा असतो. "अहवाल अन्यायकारक होता" हे नोंदीत बसत नाही, पण "महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकने तो अंतिम मानावा अशी भूमिका घेतली" हे घडलेलं आहे. मालक सापडला की मतही माहिती होतं. मालक सापडला नाही तर आपण काय करतो? "असे मानले जाते" लिहितो. कोण मानतं? बहुतेक वेळा लिहिणाराच, तोंडाला रुमाल बांधून. माझ्या खर्ड्यात हे पाच ठिकाणी होतं. तिथे नाव घाला, नसेल तर वाक्यच सोडा.

क्रियापदाबद्दलही एक सांगतो, कारण तटस्थ व्हायच्या नादात लोक नेमकं उलटं करतात. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात जे झालं, त्याबद्दल लेखात होतं : "निर्दय पोलिसांनी आमच्या पोरांना टिपलं." मी सौम्य केलं : "गोळीबार झाला व काहींचा मृत्यू झाला." आता हे तटस्थ वाटतं, पण गोळ्या कोणी झाडल्या हेच गेलं. कर्ता लपवणं ही तटस्थता नव्हे, तीसुद्धा एक बाजू घेणंच आहे. "पोलिसांच्या गोळीबारात निदर्शकांचा मृत्यू झाला" यात एकही विशेषण नाही आणि काही लपलेलंही नाही. "हुतात्मा" हा शब्द? नोंद स्वतःच्या तोंडाने तो वापरणार नाही. पण "मराठी संघटना हा दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळतात" हे वापरेल. तसंच १ नोव्हेंबरचं. एकाच दिवशी एकाच शहरात कर्नाटक राज्योत्सव आणि काळा दिवस, दोन्ही घडतात. दोन्ही लिहा, कोण पाळतं ते लिहा.

नावांत आणि काळात घसरायला फार सोपं. "१९५६ ला बेळगाव कर्नाटकात घुसडलं" या वाक्यात "घुसडलं" सगळ्यांना दिसतं, पण "कर्नाटक" चुकलंय हे कुणालाच दिसत नाही. तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं, कर्नाटक झालं १९७३ ला. आणि जिल्हा अख्खा गेला नव्हता, चंदगड तालुका वगळला होता. गावांच्या आकड्याचंही तसंच : ८१४ आणि ८६५ हे दोन्ही आकडे आपल्याकडे फिरतात. आकडा एकटा लिहू नका, "अमक्या साली, अमक्या कागदात, महाराष्ट्राने एवढ्या गावांवर हक्क सांगितला" असा लिहा. काकांनी एक आकडा धरला असेल तर तो कुठल्या कागदातून घेतला ते शोधा.

हे सगळं झाल्यावर माझ्या नोंदीची सुरुवात अशी झाली :

"बेळगाव सीमाप्रश्न : बेळगाव शहर व लगतच्या काही भागांच्या राज्यनिश्चितीबाबत महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यातील वाद. राज्य पुनर्रचना कायद्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात (१९७३ पासून कर्नाटक) समाविष्ट झाला. महाराष्ट्राने भाषेच्या आधारे या भागावर हक्क सांगितला असून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे."

लेखात न्यायालय शेवटी येतं, आशेचा किरण म्हणून. नोंदीत ते वर आलं, कारण वाचणाऱ्याला वाद आत्ता कुठे आहे ते आधी कळायला हवं.

मग मी मोजणी केली. लेखातल्या घडलेल्या गोष्टींना समासात आकडे घातले होते, एकूण तेवीस. खर्ड्यात एकेकीवर बरोबरची खूण करत गेलो तर सतराच भरल्या. हरवलेल्या सहांपैकी चार रूपकांत होत्या, दोन प्रश्नचिन्हांच्या वाक्यांत. ही मोजणी कंटाळवाणी आहे, पण माहिती गमावली का, याचं उत्तर तिच्याशिवाय मिळत नाही. अंदाजाने नेहमी "सगळं आलंय" असंच वाटतं.

शेवटी खर्डा शेजारच्या अण्णांना दिला. घरी कन्नड बोलणारे, मराठी उत्तम वाचणारे, तलाठी म्हणून निवृत्त. मला वाटलं ते "हुतात्मा दिन"वर अडतील. ते त्यावरून सरळ पुढे गेले आणि एका साध्या वाक्यावर बोट ठेवलं : "बेळगाव शहर अजूनही कर्नाटकात आहे." म्हणाले, "अजूनही म्हणजे काय हो? कधी जाणार होतं?" मी चार वेळा वाचूनही मला तो शब्द दिसला नव्हता. आपल्या भाषेत बाजू विशेषणांपेक्षा अशा बारक्या शब्दांत जास्त बसते : अजूनही, केवळ, तथाकथित, शब्दाला चिकटलेला "च". "मात्र" तर फार लबाड, ज्याच्यानंतर "मात्र" येतो तो पक्ष हरतो. मी नंतर हे शब्द एकेक करून अख्ख्या मजकुरात शोधले आणि अकरा काढले. माहिती तिळभरही कमी झाली नाही.

तुमच्या काकांच्या लेखात शेवटी "बेळगाव आमचं होतं, आहे आणि राहील" अशा धाटणीचं वाक्य असणार. ते सोलून काही निघत नाही, मी प्रयत्न केलाय. ते नोंदीत घेऊ नका. पण लेखाची मूळ प्रत वाचनालयात काकांच्या नावाने वेगळी लावून ठेवा, छापल्याची तारीख घालून. आणि ती तारीख आधी बघा : २०१४ च्या आधीची असेल तर त्यातलं शहराचं नाव बदलायची गरज नाही, २००४ च्या आधीची असेल तर सर्वोच्च न्यायालय त्यात नसेलच, ते तुम्हाला बाहेरून आणावं लागेल.