हळदीच्या प्रथिनांचं ट्रिप्सिन पचन अर्धवट का राहतं?

प्रश्न: सांगलीत एम.एस्सी. करतोय. हळदीच्या कंदातली प्रथिनं ८ मोलर युरियात विरघळवली, डीटीटी घालून ५६ अंशांवर तापवली. मास स्पेक्ट्रममध्ये न कापलेले लायसीन खूप दिसतात. काय चुकतंय?

उत्तर: माझा पहिला संशय त्या ५६ अंशांवर आहे. तापलेल्या युरियातून सायनेट तयार होतं आणि ते लायसीनला चिकटतं. तिथे ट्रिप्सिन कापत नाही. शोधताना +४३.००६ डाल्टनचा बदल धरून पाहा, लगेच कळेल. युरिया ताजा घ्या, डीटीटी ५ मिलिमोलर, ३७ अंशांवर एक तास पुरे. मग आयोडोअ‍ॅसिटामाइड १५ मिलिमोलर, अंधारात अर्धा तास, आणि उरलेलं थोड्या डीटीटीनं संपवा.

दुसरी शक्यता युरियाच्या तीव्रतेची. ५० मायक्रोलिटर नमुना ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटनं ४५० पर्यंत न्या, म्हणजे युरिया १ मोलरखाली येतो. नाहीतर ट्रिप्सिन मंदावतं. ५० मायक्रोग्रॅम प्रथिनाला १ मायक्रोग्रॅम ट्रिप्सिन, ३७ अंशांवर रात्रभर.

सकाळी टीएफए घालून पीएच ३ च्या खाली आणा, त्याशिवाय पेप्टाइड सी-१८ वर नीट धरत नाहीत. ०.१ टक्के टीएफएनं धुवा, ५० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलनं उतरवा, सुकवून ०.१ टक्के फॉर्मिक आम्लात घ्या. धुण्यात घाई नको, राहिलेला युरिया आणि क्षार आयनीकरण दाबतात.