मेंदीच्या ऑनलाइन माहितीत पॅच टेस्टची सूचना दिली होती, तरी नोटीस आली

प्रश्न : मी घरी मेंदीचे कोन करून ऑनलाइन विकते. मेंदी पावडर, साखर, पाणी आणि निलगिरी तेल, एवढंच घालते. माहितीत ‘शंभर टक्के नैसर्गिक, कोणताही दुष्परिणाम नाही, सहा महिने टिकते’ असं लिहिलं आहे आणि शेवटी ‘आधी थोडी लावून पंधरा मिनिटं पाहा’ अशी सूचनाही आहे. एका ग्राहक बाईंच्या हाताला तिसऱ्या दिवशी फोड आले. त्यांच्या वकिलाने दोन लाखांची भरपाई मागणारी नोटीस पाठवली आहे. सूचना दिलेली असताना माझी जबाबदारी येते का?

उत्तर : येऊ शकते, आणि त्याचं मुख्य कारण ती पंधरा मिनिटंच आहेत.

त्वचेची अ‍ॅलर्जी बहुधा लगेच दिसत नाही. लेप लावल्यानंतर एक ते तीन दिवसांत खाज, लाली, मग फोड असा तिचा क्रम असतो. त्यामुळे पंधरा मिनिटं थांबून ‘काही झालं नाही’ असं समजणारा ग्राहक तुमची सूचना पाळूनही फसतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणं हा उत्पादकाच्या जबाबदारीचा स्वतंत्र आधार आहे. कोन तुम्ही स्वतः भरता, म्हणून या कायद्यापुढे तुम्ही नुसत्या विक्रेत्या नाही, उत्पादक आहात. शिवाय सूचना फक्त ऑनलाइन माहितीत आहे, कोनावर नाही. पाकीट हातात घेऊन मेंदी काढणाऱ्याने ती वाचलीच असेल, असं ग्राहक आयोग गृहीत धरणार नाही.

‘कोणताही दुष्परिणाम नाही’ हे वाक्य त्याहून जड जाईल. ती तुमची स्पष्ट हमी ठरते आणि माल हमीप्रमाणे नसेल, तर ‘मी हे चांगल्या हेतूने लिहिलं होतं’ हा बचाव त्याच कलमात नाकारलेला आहे. नैसर्गिक मेंदीतलं निलगिरी तेलही काहींच्या कातडीला सोसत नाही.

तुमच्या बाजूचं काय आहे, तेही पाहू. बाईंनी पहिल्या दिवशी तुम्हाला हाताचा फोटो पाठवला होता का, ते चॅटमध्ये शोधा. नैसर्गिक मेंदीचा रंग लेप काढल्यावर नारिंगी असतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत गडद तपकिरी-मरून होतो. लेप काढताच रंग काळाकुट्ट दिसला, तर पावडरीत केसांच्या डायमधलं पीपीडी असल्याचा संशय येतो, आणि फोड येण्याचं तेच नेहमीचं कारण आहे. म्हणून तो नारिंगी फोटो तुमच्यासाठी मोलाचा पुरावा आहे, पण एकट्या फोटोवर भागणार नाही. त्याच घाण्यातला एखादा कोन उरला असेल तर फ्रीझरमध्ये ठेवा, त्याची प्रयोगशाळेत पीपीडीसाठी तपासणी करून घ्या आणि पावडरीची बिलं जपा. भेसळ पुरवठादाराकडून आली असेल, तर त्याला प्रकरणात ओढायला बिलाशिवाय मार्ग नाही.

नोटिशीला मुदतीत उत्तर द्या. उत्तर दिलं नाही म्हणून शिक्षा होत नाही, पण पुढे गप्प बसण्याचा अर्थ तुमच्या विरुद्ध लावला जातो. उत्तरात चूक कबूल करू नका आणि बाईंवर आरोपही करू नका. डॉक्टरांची कागदपत्रं मागा आणि त्यांच्याकडचा उरलेला कोन थंड जागी सांभाळून ठेवण्याची विनंती करा. प्रकरण आयोगात गेलं, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो.

माहिती गुपचूप बदलू नका. आधी आजच्या मजकुराचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मग दुरुस्ती करा. ‘दुष्परिणाम नाही’ काढून टाका. निलगिरी तेल धरून सगळे घटक लिहा. तीस ग्रॅमपेक्षा लहान पाकिटावर घटकांची यादी सक्तीची नाही, पण अशा वादात तीच तुम्हाला वाचवते. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला कोन बाहेर काही दिवसच तग धरतो, महिन्यांची मुदत फ्रीझरमध्येच खरी, तेव्हा दोन्ही मुदती वेगवेगळ्या द्या. कोनावर असं छापा : ‘कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावा, नेहमीइतका वेळ ठेवून धुवा, ४८ तास थांबा, खाज किंवा लाली आल्यास वापरू नका.’

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण समोरचा वकील विचारणारच. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. अर्ज फॉर्म COS-5 मध्ये करतात. घरगुती काम असल्याने ही अट सुटत नाही. परवाना नसेल, तर मिळेपर्यंत विक्री थांबवा आणि नोटिशीच्या उत्तरात परवान्याबद्दल एक अक्षरही खोटं लिहू नका.