संकल्पातला पत्ता आपल्या गावचा हवा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : महाराज, पोथीत ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ असं छापलं आहे. आम्ही दारव्हा तालुक्यातले, गोदावरी आमच्यापासून कुठल्या कुठे. तरी तसंच म्हणायचं काय?

उत्तर : नाही. तुम्ही ‘गोदावर्या उत्तरे तीरे’ म्हणायचं. ही चूक आपल्याकडे घरोघरी होते, कारण पोथ्या बहुतेक पुण्या-मुंबईकडून छापून येतात. पुणं, सातारा, कोकण हे सगळं गोदावरीच्या दक्षिणेला, म्हणून त्यांचा ‘दक्षिणे’ बरोबर आहे. काही पोथ्या कंसात ‘उत्तरे’ देतात, पण वाचणारा कंस सोडून पुढं जातो.

नदी गावाजवळून वाहायला पाहिजे असं काही नाही. विचारलं आहे ते एवढंच, की तुम्ही तिच्या कोणत्या अंगाला आहात. बुलडाणा-वाशिमपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंत विदर्भाचे अकराही जिल्हे उत्तरेच्या अंगाला येतात. सिरोंचाकडच्या लोकांना शंका येते, कारण तिथं गोदावरी अगदी अंगणात आहे आणि वळणामुळे दिशेचा घोळ होतो. पण नदी वाहते तिकडं तोंड करून उभं राहिलं तर सिरोंचा डाव्या हाताला पडतं, आणि डावा काठ तो उत्तर तीर. अकोट, दर्यापूर, खामगावचं पाणी पूर्णेतून तापीला जातं, गोदावरीला जातच नाही. तरी ती गावंही गोदावरीच्या उत्तरेलाच आहेत. पाणी कुठं जातं याचा इथं संबंध नाही.

त्याआधीचं ‘जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे दंडकारण्ये देशे’ हे आहे तसंच ठेवा. आपल्या भागातली नदी घालायची हौस असेल तर पुढं जोडता येते. मोर्शीकडचे ‘वरदायाः पश्चिमे तीरे’ म्हणू शकतात, आर्वीकडचे ‘पूर्वे तीरे’. वरदा म्हणजे आपली वर्धा. नाही जोडली तरी संकल्प अपुरा राहत नाही.

प्रश्न : मुलगा नोकरीला पुण्यात आहे. गणपती तिकडे बसवतो आणि आमच्या गावच्या महाराजांना फोनवर घेऊन पूजा करतो. मग तीर कोणतं?

उत्तर : पुण्याचं, म्हणजे ‘दक्षिणे तीरे’. ज्याच्या हातून पाणी सुटतं तो जिथं बसला आहे ती जागा सांगायची. मूळ गाव, शेती, सातबारा इकडं असला तरी त्यानं फरक पडत नाही. तोच मुलगा दिवाळीला घरी येऊन लक्ष्मीपूजन करेल तेव्हा ‘उत्तरे’ म्हणेल. महाराजांनी फोनवर सवयीनं ‘उत्तरे’ सांगितलं तर मुलानं बिनधास्त आठवण करून द्यावी, राग येण्यासारखं त्यात काही नाही.

प्रश्न : ‘अमुकनाम संवत्सरे, अमुकमासे’ या ठिकाणी काय काय भरायचं ते एखाद्या खऱ्या दिवसावरून सांगाल काय? मागच्या वेळी माझ्या जावेनं ‘अमुक’ हाच शब्द मोठ्यानं वाचला.

उत्तर : तुमच्या जाऊबाई एकट्या नाहीत. ‘अमुकनाम संवत्सरे’ खणखणीत आवाजात म्हणणारे पुरुषही मी पुष्कळ ऐकले आहेत.

आपल्याकडच्या महालक्ष्म्यांचा दिवस घेऊ. १ सप्टेंबर २०२५, सोमवार, जेवणाचा दिवस. पंचांग उघडायच्या आधी निम्मं काम घरच्या घरी होतं. पाडव्यानंतरचा दिवस असेल तर इसवी सनातून ७८ वजा करायचे, पाडव्याआधीचा असेल तर ७९. म्हणजे शके १९४७. संवत्सराचं नाव पंचांगाच्या पहिल्या पानावर असतंच, पण ताडून पाहायचं असेल तर शकात १२ मिळवून ६० नं भागा आणि बाकी किती उरते ते बघा. १९५९ ला ६० नं भागलं की ३९ उरतात. प्रभवपासून मोजलं तर एकोणचाळिसावं नाव विश्वावसु. पुढच्या पाडव्याला चाळिसावं, पराभव. जुन्या वर्षाचं नाव तोंडात बसलेलं असतं, म्हणून चैत्र-वैशाखात ही चूक फार होते.

अयन आणि ऋतू सोपे. मकर संक्रांतीपासून कर्क संक्रांतीपर्यंत, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापर्यंत, उत्तरायण, पुढं दक्षिणायन. ऋतू दोन-दोन महिन्यांचे. श्रावण-भाद्रपद म्हणजे वर्षा. तिथी, नक्षत्र आणि चंद्राची रास मात्र पंचांगातूनच घ्यावी लागते. त्या दिवशी शुक्ल नवमी होती. पुष्कळ बायांनी ‘अष्टम्यां’ म्हटलं असेल, कारण महालक्ष्म्या अष्टमीच्या असं डोक्यात पक्कं असतं. पण हा सण चालतो नक्षत्रावर: अनुराधावर बसवायच्या, ज्येष्ठावर पूजा आणि जेवण, मूळवर उठवायच्या. तिथी सप्तमी असो की नवमी, ज्येष्ठा नक्षत्र सुटत नाही. ज्येष्ठा पूर्ण वृश्चिक राशीत असल्यामुळे चंद्राची रासही आपोआप मिळाली. सूर्य सिंहेत, गुरू मिथुनेत. सगळं जागेवर बसवलं की असं होतं:

‘शालिवाहनशके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे दक्षिणायने वर्षाऋतौ भाद्रपदमासे शुक्लपक्षे नवम्यां तिथौ इंदुवासरे ज्येष्ठादिवसनक्षत्रे वृश्चिकस्थिते वर्तमाने चंद्रे सिंहस्थिते श्रीसूर्ये मिथुनस्थिते श्रीदेवगुरौ शेषेषु ग्रहेषु यथायथं राशिस्थानस्थितेषु सत्सु...’

शकाचा आकडा म्हणताना अडखळत असाल तर तो गाळून नुसतं संवत्सराचं नाव घ्या. साठ वर्षांत ते एकदाच येतं. वारांची नावं रविवारपासून भानु, इंदु, भौम, सौम्य, बृहस्पति, भृगु, मंद अशी घेतात. हा सगळा ऐवज आदल्या रात्री वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मुखवटे, कोथळ्या, सोळा भाज्या, आंबील यांच्या गडबडीत पूजेला बसल्यावर पंचांगाची पानं कोणीच धड उलटत नाही.

तिथीबाबत एक लक्षात ठेवा. रोजच्या पूजेत सूर्योदयाला असलेली तिथी घेतात, व्रताच्या पूजेत ज्या तिथीचं व्रत ती. पंचांग मुंबईच्या वेळेचं असेल तर पहाटे सहाच्या आसपास संपणाऱ्या तिथीकडं नीट बघा. नागपूरकडं सूर्य मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. सप्टेंबरात एखादी तिथी सकाळी सव्वासहाला संपत असेल तर मुंबईत ती सूर्योदयाआधीच संपलेली असते, आपल्याकडं सूर्योदयाला चालू असते.

प्रश्न : मोबाईलवर हिंदीतला संकल्प ऐकून म्हणतो. उच्चार स्पष्ट असतात. चालते ना?

उत्तर : उच्चारासाठी ऐका, मजकूर मात्र तिथला घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा ‘आर्यावर्ते’ येतं, आणि आर्यावर्त म्हणजे विंध्याच्या उत्तरेचा प्रदेश. आपण विंध्याच्या दक्षिणेला. वर्ष विक्रम संवताचं असतं, आणि संवत्सराचं नाव नर्मदेच्या पलीकडं वेगळं चालतं. हे दोन्ही बदलता येईल, पण महिना फसवतो. हिंदी मुलखात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुक्ल पक्षात दोघांचं नाव एकच, म्हणून गणपती-महालक्ष्मीला चूक कळतच नाही. वद्य पक्ष लागला की त्यांचा महिना एकानं पुढं गेलेला असतो. आपला पोळा श्रावण अमावास्येचा. तीच अमावास्या हिंदी पंचांगात भाद्रपदाची. पोळ्याला बैल दारात उभे आणि तुम्ही ‘भाद्रपदमासे’ म्हणत असाल तर ते मोबाईलवरून आलं आहे हे ऐकणाऱ्याला लगेच समजतं.

प्रश्न : आमचं गोत्र घरात कोणालाच माहीत नाही. वडिलांनाही नव्हतं.

उत्तर : ‘काश्यप’ म्हणा. गोत्र माहीत नसलं की काश्यप घ्यायचं हा जुना रिवाज आहे. घरच्या पूजेच्या कित्येक संकल्पांत तर गोत्राचा उल्लेखच नसतो, ‘मम आत्मनः’ एवढ्यावर भागतं. शेजाऱ्याचं उसनं गोत्र तेवढं घेऊ नका.

प्रश्न : मला संस्कृत जमत नाही. बाईमाणसानं मराठीत संकल्प केला तर चालते काय? आणि सोयाबीनसाठी मागणं मागता येते काय?

उत्तर : दोन्ही चालतं. संस्कृतच म्हणायचं ठरवलं तरी बाईसाठी वेगळा संकल्प नाही. ‘मम’ आणि ‘करिष्ये’ ही रूपं बाई-पुरुषाला सारखीच आहेत. फक्त नावगोत्र घालत असाल तर ‘गोत्रोत्पन्नः’च्या जागी ‘गोत्रोत्पन्ना’ म्हणा.

मराठीत म्हणताना लोक काळ आणि जागा गाळून थेट मागण्यावर येतात, मग ती नुसती प्रार्थना होते. क्रम तोच ठेवा. वरच्याच दिवसासाठी असं म्हणता येईल:

‘गोदावरीच्या उत्तर तीरावर, आमच्या गावी, राहत्या घरी, विश्वावसु संवत्सरात, दक्षिणायनात, वर्षा ऋतूत, भाद्रपद शुद्ध नवमीला, सोमवारी, ज्येष्ठा नक्षत्रावर, मी’ (इथं आपलं नाव) ‘घरातल्या सगळ्यांना आयुष्य-आरोग्य मिळावं आणि वावरातलं सोयाबीन हाती यावं म्हणून, मला समजते तशी, मिळालेल्या साहित्यानं, ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्मींची पूजा करते.’

‘मला समजते तशी, मिळालेल्या साहित्यानं’ हे शब्द सोडू नका. संस्कृतात तिथं ‘यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः’ असतं. एखादं फूल किंवा पत्री मिळाली नाही तर ते या दोन शब्दांत सांभाळलं जातं. पण सोळा उपचारच करायचे नसतील, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य एवढंच करणार असाल, तर ‘षोडशोपचार’ म्हणू नका, ‘पंचोपचार’ म्हणा. कमी साहित्याला सूट आहे. जे करायचंच नाही ते करीन म्हणायला नाही. मागणंही पूजेशी जुळतं ठेवा. एका पूजेत पीक, लग्न, नोकरी, कोर्टाचा निकाल असं सगळं कोंबलं की म्हणणाराच मधे विसरतो.

प्रश्न : पाणी नेमकं कधी सोडायचं? आमच्याकडं कोणी सुरुवातीला सोडतात, कोणी प्रत्येक ओळीला.

उत्तर : एकदाच, ‘करिष्ये’ (किंवा ‘पूजा करते’) म्हटल्याबरोबर. आधी आचमन, प्राणायाम, गणपतीला नमस्कार. मग उजव्या तळहातावर अक्षता आणि फूल घेऊन संकल्प म्हणायचा, शेवटी डाव्या हातानं पळीभर पाणी तळहातावर घालायचं आणि बोटांच्या टोकांवरून खाली ताम्हणात सोडायचं. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडू नका, ती वाट पितरांची. संकल्प लांब असतो, म्हणून पाणी आधीच हातात घेतलं तर निम्म्यावर येईतो ते मनगटावरून ओघळून पदरावर जातं. ताम्हणातलं पाणी तीर्थ म्हणून देऊ नका. पूजा झाल्यावर पायाखाली येणार नाही अशा झाडाच्या बुडाशी घाला.