बोंडल्यापासून ‘बाबा’पर्यंत

प्रिय मुली,

तू कळवलेला तपशील वाचला. बाळ बारा दिवसांचं, डावीकडचा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले, जन्मवजन २.६ किलो आणि आजचं २.३५. आई तासतासभर छातीशी धरून बसते, बाळ ओढून ओढून दमतं आणि तसंच झोपतं. सर्जनना कधी दाखवायचं, असं तू विचारलंस. याच आठवड्यात दाखव. पण आज तुझ्यापुढचा प्रश्न दुधाचा आहे.

हे बाळ चोखतं, जबडा हलवतं, गिळतंही. फक्त दूध ओढून घेण्यासाठी तोंडात जी निर्वात पोकळी निर्माण व्हावी लागते ती होत नाही, कारण टाळू उघडी असल्याने तोंड आणि नाक एकच झालेलं आहे. नुसता ओठ दुभंगलेलं बाळ बहुतेक वेळा अंगावर पितं, स्तनाचा मऊ भाग ती फट बुजवतो. टाळू उघडी असली की ते सहसा जमत नाही. घरातले मात्र ‘आईला दूधच नाही’ असं ठरवून टाकतात आणि पाणी घातलेलं गाईचं दूध सुरू होतं. तू आईला पहिल्यांदा हेच सांग की दूध आहे, ते हाताने पिळून काढायचं आणि बाळापर्यंत पोचवायचं.

आता हिशोब कर. पहिला आठवडा उलटल्यावर साधारण किलोमागे १५० मिली दूध दिवसाला लागतं. २.३५ किलोला झाले सुमारे ३५० मिली, म्हणजे दर तीन तासांनी, रात्रीही, ४५ मिलीच्या आसपास. ही सुरुवात समज. वजन भरून काढताना याहून जास्त लागू शकतं. देण्यासाठी बोंडलं चांगलं, उकळून घेता येतं आणि आजीला ते धरताही येतं. दाबून दूध सोडता येणारी मऊ बाटली मिळाली तर तीही चालेल, पण रोज नवं साधन नको. साध्या बाटलीच्या बुचाचं भोक सुईने मोठं करू देऊ नकोस. धार अंगावर येते आणि बाळ ठसकतं.

बाळाला निम्म्याहून जास्त उभं धरायचं, डोकं हातावर. बोंडल्याचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, फट नसलेल्या अंगाने, आणि थोडं दूध सोडून गिळण्याची वाट पाहायची. मध्ये दोन-तीनदा ढेकर काढायची, कारण हवा खूप आत जाते. नाकातून दूध आलं की सगळे घाबरतात. त्याला घाबरू नये. क्षणभर थांबून नाक पुसायचं आणि पुढे चालू ठेवायचं. घाबरायचं ते पिताना वारंवार खोकला आला, ओठ निळे पडले, श्वासात घरघर आली तर. हनुवटी फारच लहान आणि आत गेलेली असेल, जीभ मागे पडून श्वास अडत असेल, तर बोंडलं बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठव.

अर्ध्या तासाच्या वर पाजू नको. त्यानंतर बाळ जेवढं पितं त्याहून जास्त पिण्याच्या श्रमात खर्च करतं. पोट भरल्यावर आईला हवं तर अंगाशी घेऊ दे, त्याने दूधही टिकतं.

दर आठवड्याला त्याच काट्यावर, कपडे काढून वजन कर. रोजची २५ ते ३० ग्रॅम वाढ धरली तर हे बाळ सुमारे ८० दिवसांत साडेचार किलोला पोचेल, म्हणजे तीन महिन्यांचं होताना. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी जुना ठोकताळा हाच आहे: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, हिमोग्लोबिन १०. एखाद्या आठवड्यात १०० ग्रॅमसुद्धा वाढलं नाही तर पुढच्या भेटीची वाट न पाहता घरी फोन कर आणि पाजताना बघायला जा. चूक बहुधा रात्रीच्या वेळांत सापडते.

आजी ग्रहणाची गोष्ट काढेल, सुनेने सुरी धरली म्हणून. वाद घालू नकोस. गर्भात ओठ सातव्या आठवड्याच्या आसपास जुळतो आणि तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते, एवढंच सुनेच्या समोर सांग. ते सुनेनेही ऐकायला हवं.

खरा धोका ओठ शिवून झाल्यावर आहे. चेहरा छान दिसायला लागतो, बारसं राहिलेलं असेल तर होतं, फोटो निघतात आणि घर आपल्याला विसरतं. टाळू बाहेरून दिसत नाही ना! म्हणून ओठाच्या टाक्यांसाठी येतील त्याच दिवशी टाळूच्या शस्त्रक्रियेचा महिना कार्डावर लिही. ती साधारण ९ ते १२ महिन्यांत व्हावी, फार तर दीड वर्षाच्या आत. दरम्यान सहाव्या महिन्यापासून मऊ भात, घट्ट पेज सुरू करायची. टाळू उघडी म्हणून वरचं अन्न थांबवायचं नाही. थांबवलं की रक्त कमी होतं आणि नेमक्या त्या कारणाने तारीख पुढे जाते.

तारखेचा एवढा आग्रह बोलण्यासाठी आहे. प, ब, त, ट, क, ग या आवाजांना तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू उघडी असली की हवा नाकातून निसटते, म्हणून ‘ब’ चा ‘म’ होतो. एक वडील माझ्याकडे तक्रार घेऊन आले होते, मुलगा मला मामा म्हणतो म्हणून. मुलगा ‘बाबा’च म्हणत होता. तिथे नाकातले आवाज निदान ओळखू येत होते. उशीर झाला तर मूल हवा घशातच अडवायला शिकतं, ‘काका’ ऐवजी ‘आ-आ’ असा गळ्यातला झटका. ही सवय शस्त्रक्रियेने जात नाही, ती महिनोन्‌महिने शिकवून मोडावी लागते. म्हणून आतापासूनच आईला सांग: म, न, य, व चे आवाज बाळाशी खूप खेळायचे, आणि गळ्यातला झटका ऐकला तर हसून तो परत करायचा नाही.

टाळू शिवल्यावर दोन-तीन आठवडे पातळ आणि गाळलेलं, तोंडात चमचा खोल नाही, बोट नाही, बिस्किट नाही. जखम भरल्यावर प-ब चे खेळ सुरू कर. तीन वर्षांच्या सुमारास ‘काका, पापड द्या’ असं नाकातला एकही आवाज नसलेलं वाक्य म्हणवून घे आणि नाकाखाली छोटा आरसा धर. आरशावर वाफ धरली तर हवा निसटते आहे. काही मुलांना वयाच्या चार ते सहाव्या वर्षी त्यासाठी आणखी एक शस्त्रक्रिया लागते.

कान विसरू नकोस. टाळूचे स्नायूच कानाची नळी उघडतात, त्यामुळे पडद्यामागे पाणी साचतं. जे मूल नीट ऐकत नाही, त्याला नुसती टाळू शिवून बोलता येणार नाही.

पुढचं आता आईवर लादू नको: आठ ते अकराव्या वर्षी हिरडीत हाड भरणं, वाढ थांबल्यावर नाक-जबडा. खर्चाचं विचारतील तेव्हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग येतं, आणि स्माइल ट्रेनशी जोडलेल्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया मोफत होते, हे सांग.

सोमवारी वजन कळव. आणि श्रवण तपासणीची तारीख अजून घेतली नसशील तर तीही त्याच दिवशी घे.

तुझी,
मॅडम